अपिलाची मुदत गेली तेव्हा

(मंडळीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आदिवासी सेवाकार्याच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी मी इथे उभा राहून वसतिगृहातली मुले किती, दवाखान्यात रुग्ण किती, असा हिशेब देतो. या वर्षी पाळकसाहेबांनी मला एकच गोष्ट सांगायला सांगितली आहे, आणि ती माझ्या चुकीपासून सुरू होते.

आमच्या पाड्यावरच्या एका मावशींची ही गोष्ट. त्यांचे पती ऑगस्ट 2015 मध्ये वारले. मागे एक हेक्टर वीस आर भाताची जमीन, तीन मुले आणि थोडे कर्ज. जमीन मावशीच कसत होत्या. डिसेंबर 2016 मध्ये आदिवासी विकास महामंडळाच्या भातखरेदी केंद्रावर भात घालायला गेल्या, तिथे सातबारा मागितला. मुलाने तलाठ्याकडून उतारा काढून आणला, तर कब्जेदाराच्या जागी बाजारगावच्या एका व्यापाऱ्याचे नाव! पतीचे नाव कंसात गेलेले आणि शेजारी फेरफाराचा नंबर.

झाले होते ते असे. व्यापाऱ्याकडे 2012 सालचा शंभर रुपयांच्या स्टँपवरचा एक करारनामा होता, नोटरी केलेला, पण नोंदणी न झालेला. त्याच्या आधारे त्याने नाव लावण्यासाठी अर्ज केला आणि जून 2016 मध्ये तहसीलदारांनी तो मंजूर केला. आदेशात एक ओळ होती: ‘सामनेवाले यांना नोटीस बजावूनही ते गैरहजर.’

जानेवारी 2017 मध्ये मावशींनी त्या आदेशाची नक्कल मिळवली आणि रविवारी भक्तीनंतर माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “भाऊ, हे बघा काय लिहिलंय ते.” मी म्हणालो, “बघतो.” ती नक्कल मी ऑफिसच्या कपाटात ठेवली. त्या दिवसांत शिष्यवृत्तीचे अर्ज चालू होते, मग परीक्षा आल्या. कागद पुन्हा बाहेर आला तेव्हा एप्रिल संपत आला होता.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल, तर तो हातात पडल्यापासून साठ दिवसांत अपील करावे लागते. तहसीलदारांच्या आदेशावरचे अपील प्रांत अधिकाऱ्यांकडे जाते. नक्कल जानेवारीत मिळाली, म्हणजे मुदत मार्चमध्येच संपली होती. मावशींना सहा महिने कुणी काही कळवले नाही ही सरकारी कागदाची चूक होती. पण ते साठ दिवस मी घालवले.

मी जिल्ह्याच्या गावी महसुली कामे करणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. आपल्या मंडळीतल्या एका भगिनीचे ते जावई, म्हणून फी घेतली नाही. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे उशिरा अपील करायचे आणि सोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा. कायद्यात त्याची सोय आहे, पण मग पहिली लढाई उशिराचीच होते. मूळ चुकीकडे कुणी बघायच्या आधी, इतके दिवस का गेले, हे सांगत बसावे लागते. दुसरी वाट पुनरीक्षणाची. संहितेच्या कलम 257 खाली वरिष्ठ महसूल अधिकारी खालच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणाचे कागद मागवून घेऊ शकतो, आदेश कायदेशीर आणि योग्य आहे की नाही हे तपासू शकतो आणि चूक दिसली तर तो बदलू किंवा रद्द करू शकतो.

मला वाटले, सुटलो. वकील म्हणाले, “थांबा. अपील हा तुमचा हक्क असतो. पुनरीक्षणात तुम्ही साहेबांना फक्त विनंती करता की फाईल उघडून बघा. फाईल उघडल्यावर आत चूक दिसली पाहिजे. बाहेरून कहाणी सांगून भागत नाही.”

बंधुभगिनींनो, लूकच्या अठराव्या अध्यायातली ती विधवा आणि तो न्यायाधीश आपल्याला ठाऊक आहेत. मी तिच्यावर कितीतरी वेळा बोललो आहे. पण आमच्या मावशी नुसत्या चिकाटीने रोज कचेरीच्या दारात जाऊन बसल्या असत्या, तर काहीही झाले नसते. त्यांच्या बाजूने बोलणारा कागद त्याच फाईलमध्ये होता. तो शोधायला हवा होता.

म्हणून आम्ही पहिले काम नकलांचे केले. निव्वळ आदेशाची नक्कल पुरत नाही. रोजनामा, नोटिशीची स्थळप्रत तिच्यावरच्या बजावणीच्या शेऱ्यासह, व्यापाऱ्याचा अर्ज आणि करारनामा, हे सगळे मागितले. तीन आठवडे लागले. नोटीस हातात आली तेव्हा मावशींचा मोठा मुलगा माझ्याजवळ बसला होता. पोच म्हणून खाली अंगठा होता, शेजारी त्याच्या वडिलांचे नाव आणि तारीख एप्रिल 2016. मुलगा बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाबा तर आधीच्या श्रावणात गेले.”

तो अंगठा कुणाचा, हे आम्हाला आजही माहीत नाही. वकिलांनी त्याच्या मागे लागू दिले नाही. “अंगठा कुणाचा हा पुराव्याचा वाद आहे, तो पुनरीक्षणात नको. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला जोडा. मेलेल्या माणसाला नोटीस बजावता येत नाही, एवढेच म्हणा.”

दुसरी चूक करारनाम्यातच होती. 1974 साली संहितेत कलम 36-अ आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. इथे करार 2012 चा, घेणारा बिगर-आदिवासी आणि परवानगीचा कागद फाईलमध्ये कुठेच नाही. आदेशात तर तिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मी लिहिलेला पहिला मसुदा तीन पानांचा होता. त्यात मावशींच्या पतीचे आजारपण, कर्जावरचे व्याज, मुलीची सुटलेली शाळा, सगळे होते. वकिलांनी लाल पेनाने जवळजवळ सगळे खोडले. राहिले ते दीड पान. वर अपर जिल्हाधिकाऱ्यांचे न्यायालय, अर्जदार म्हणून मावशी आणि तिन्ही मुले, सामनेवाले म्हणून तो व्यापारी. त्याला पक्षकार केले नाही तर त्याला न ऐकता निकाल लागतो, आणि असा निकाल वर टिकत नाही. मग आदेशाचा क्रमांक आणि तारीख, दोन चुका, प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या कागदावर दिसते तो कागद, आणि शेवटी मागणी. मागणीचे वाक्य मला पाठ झाले आहे: ‘खालील न्यायालयाचे अभिलेख मागवून, सदर आदेशाची वैधता व योग्यता तपासून तो रद्द करावा.’

तुम्ही कुणासाठी असा अर्ज लिहाल तेव्हा त्याला पुनर्विलोकन म्हणू नका. आमच्याकडे अर्ज लिहून देणारे हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पुनर्विलोकन म्हणजे ज्याने आदेश दिला त्यालाच पुन्हा बघायला सांगणे. पुनरीक्षण त्याच्या वरच्याकडे जाते. नाव चुकले की अर्ज भलत्याच टेबलावर फिरत राहतो.

राहिला उशिराचा प्रश्न. कलम 257 मध्ये अर्जदारासाठी ठरावीक दिवस लिहिलेले नाहीत, म्हणून कित्येक जण समजतात की कधीही जावे. तसे नाही. 1969 साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत लिहिलेली नसली तरी असा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे. पुढे 2009 साली आपल्याच कलम 257 वरच्या प्रकरणात, जिथे अर्ज सतरा वर्षांनी आला होता, साधारण तीन वर्षे ही कडेची मर्यादा धरली गेली. आमचा अर्ज जून 2017 चा, आदेशाला एक वर्ष होत आलेले. तरीही उशिराचे कारण लिहायचे होते. मी विचारले, “काय लिहू?” वकील म्हणाले, “जे झाले ते.” म्हणून एक परिच्छेद असा आहे की अर्जदार निरक्षर असून तिने नक्कल वेळेत मदतनीसाकडे दिली होती, परंतु मदतनीसाच्या हयगयीने अपील दाखल झाले नाही. त्याखाली माझे प्रतिज्ञापत्र. सही करताना माझी मान खाली होती.

त्याच दिवशी स्थगितीचा वेगळा अर्ज दिला. हे विसरून चालत नाही. सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचे नाव असेपर्यंत तो जमीन तिसऱ्याला विकू शकत होता, आणि मग भांडण दोघांशी झाले असते.

चार तारखा पडल्या. दोन वेळा साहेब दौऱ्यावर होते. मावशी प्रत्येक वेळी पहाटेच्या एसटीने यायच्या, एक दिवसाची मजुरी बुडवून. तिसऱ्या तारखेला व्यापाऱ्याच्या वकिलांनी सांगितले की अपिलाची वाट मोकळी होती ती सोडली, आता पुनरीक्षण चालणार नाही. बोलणे बिनचूक होते, माझा जीव वरखाली झाला. साहेबांनी काही उत्तर न देता फाईल पुढे ओढली, नोटीस काढली, शेजारी मृत्यूचा दाखला ठेवला आणि वकिलांना विचारले, “ही तारीख तुम्हाला मान्य आहे का?” ते म्हणाले, दाखल्यावरची तारीख चुकीची असू शकेल. साहेब म्हणाले, “मग तो दाखला रद्द करून आणा.” तो काही आणला गेला नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये निकाल आला. जमीन मावशींची असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते, आणि हे ऐकून पाड्यावर थोडी निराशा झाली. तहसीलदारांचा आदेश रद्द, वारसांना नोटीस देऊन आणि कलम 36-अ विचारात घेऊन फेरचौकशी करावी, एवढेच होते. फेरफाराची नोंद मालकी ठरवत नाही आणि पुनरीक्षणात साहेब नवीन पुरावा घेऊन दावा चालवत नाहीत. जमिनीचा ताबाच व्यापाऱ्याकडे असता, तर हा निकाल हातात घेऊन आम्हाला आणखी वेगळी कारवाई करावी लागली असती. मावशींनी नांगर सोडला नव्हता, म्हणून प्रश्न कागदाचाच राहिला.

फेरचौकशीत व्यापाऱ्याकडे परवानगी विचारली, ती नव्हती. त्याचा अर्ज फेटाळला गेला. मग वारस फेरफार होऊन मावशींचे आणि तिन्ही मुलांचे नाव लागले. तो सातबारा घेऊन मावशी आमच्या ऑफिसात आल्या, पण माझ्या हातात देईनात. म्हणाल्या, “भाऊ, लांबूनच बघा. तुमचं कपाट मला माहीत आहे.”

तेव्हापासून त्या कपाटाच्या दाराला आतून एक वही दोरीने बांधली आहे. कुणीही कागद आणला की त्याच्यासमोर दोन तारखा लिहायच्या, कागद कधी मिळाला आणि शेवटचा दिवस कोणता. दर सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर वसतिगृहाच्या मोठ्या मुलींपैकी एक जण ती वही मोठ्याने वाचते. या सोमवारी त्यात अकरा नावे होती.