हप्त्यांची फी : जादा किती घ्यावी?

क्लासची वर्षाची फी 24,000 रुपये आहे. एक पालक म्हणतात, "सर, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर, असे तीन हप्ते करून द्या." मग जादा किती घ्यावे?

अनेक क्लासचालक सरसकट दहा टक्के, म्हणजे 2,400 रुपये लावतात. पण पैसे खरोखर किती काळ अडकतात, ते पाहा. जूनमध्ये 8,000 हाती आले. उरलेले 16,000 तीन महिने थांबले आणि नंतरचे 8,000 आणखी तीन महिने. हे सगळे मिळून 6,000 रुपये वर्षभर उधार दिल्यासारखे झाले. त्यावर 2,400 म्हणजे वर्षाला चाळीस टक्के व्याज! बारा टक्के दर धरला, तर व्याज होते फक्त 720 रुपये. म्हणजे प्रत्येक हप्ता 8,240 रुपयांचा.

हप्ता बुडण्याची भीती असेल, तर तिचा भार वेळेवर भरणाऱ्यांवर टाकू नका. तारखा पावतीवर लिहून द्या आणि उशिराचा आकार उशीर करणाऱ्याकडूनच घ्या. पालकांनीही हप्ता ठरवण्याआधी एकरकमी फी किती, हे आवर्जून विचारावे.