‘नशेची गोळी’ आणि डॉक्टरबाईंची वही

(पालकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि आज इथे बाप म्हणून उभा आहे. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे अवधान टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत आणि मनात आलेलं तोंडातून लगेच बाहेर पडतं. तो सव्वानऊ वर्षांचा असताना डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट नावाचं औषध सुचवलं. शाळेत मदत आणि आम्हा पालकांना प्रशिक्षण हे त्याआधी सहा महिने झालं होतं. त्याचा उपयोग झाला, पण पुरेसा नाही. तेव्हा त्या औषधाबद्दल आमच्या घरात जी भीती होती आणि बाईंनी तिला जी उत्तरं दिली, ती सांगायला मी आलो आहे.

हे औषध ‘उत्तेजक’ वर्गातलं आहे. शब्द ऐकूनच माझी अम्मी म्हणाली, “बच्चे को नशे की दवा देते क्या?” मी इंटरनेटवरून दुष्परिणामांची दोन पानी यादी छापून नेली. बाईंनी ती पूर्ण वाचली आणि पेन घेऊन तिचे दोन भाग केले. एका बाजूला तुम्हाला घरी दिसेल असं, दुसऱ्या बाजूला मलाच तपासावं लागेल असं. म्हणाल्या, “काहीच होणार नाही असं मी म्हणणार नाही. काय होऊ शकतं, ते कसं ओळखायचं आणि तेव्हा काय करायचं, हे आज ठरवू. हे ठरल्याशिवाय चिठ्ठी लिहिणार नाही.”

पहिली तपासणी हृदयाची. या औषधाने नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. बहुतेक मुलांत ते लक्षातही येत नाही, पण हृदयाचा दोष असेल तर ते महत्त्वाचं ठरतं. बाईंनी विचारलं, खेळताना कधी चक्कर येऊन पडला का? छातीत धडधड होते असं म्हणतो का? घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं का? माझे एक चाचा ३५ व्या वर्षी झोपेतच गेले होते. आम्ही ते ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून कधीच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. बाईंनी लगेच ईसीजी काढायला सांगितला आणि तो बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवला. तो ठीक आला. प्रत्येक मुलाचा ईसीजी काढावा लागत नाही, पण हा प्रश्न प्रत्येक घराला विचारला गेला पाहिजे. डॉक्टर विसरले तर आपण सांगा.

मग मात्रा. सुरुवात ५ मिलिग्रॅमची, सकाळी नाश्त्यानंतर आणि दुपारी. दर आठवड्याला थोडी वाढवत, फायदा दिसेल आणि त्रास होणार नाही अशा जागी थांबायचं. त्यांनी मला तीनच गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या: डबा किती खाल्ला, झोप किती वाजता लागली, संध्याकाळी पाच वाजता मूड कसा. मी दहा रकान्यांचा तक्ता करून नेला, तेव्हा हसून म्हणाल्या, “एवढं लिहाल तर पंधरा दिवसांत सोडून द्याल.”

दुसऱ्याच आठवड्यात वही बोलायला लागली. डबा भरलेला परत येत होता आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलगा रडायचा, वस्तू फेकायचा. माझी पत्नी म्हणाली, औषधाने मुलगा बिघडला, बंद करा. बाईंनी एकच प्रश्न विचारला: “हे किती वाजता होतं?” या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. गोळी उतरताना चिडचिड होत असेल, तर ते औषध उतरण्याचं लक्षण, आणि त्यावर वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलायचा. पण असर भरात असताना, म्हणजे सकाळी दहा-अकराला, मूल गप्प, निर्विकार, पुतळ्यासारखं बसत असेल, तर मात्रा जास्त झाली आहे आणि ती कमी करायची. “मूल शांत झालं म्हणून शिक्षक खूश असतील, तरी मला सांगा,” त्या म्हणाल्या. “मला शांत मूल नको आहे. हसणारं, भांडणारं, पण काम पूर्ण करणारं मूल हवं आहे.” आमच्याकडे त्रास उतरण्याच्या वेळेचा होता. त्यांनी हळूहळू सुटणारी, सकाळी एकदाच घ्यायची गोळी दिली आणि संध्याकाळचं रडणं बरंच कमी झालं. ही गोळी फोडायची, चावायची नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

आता वाढीचा प्रश्न. ही भीती खोटी नाही, हे बाईंनी आधीच मान्य केलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात ५७९ मुलांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्यातली मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. ज्यांनी वर्षानुवर्षं, सातत्याने किंवा अधूनमधून, औषध घेतलं, ते जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा तरुणपणी सरासरी सुमारे अडीच सेंटिमीटरने कमी उंच भरले. बाईंनी पट्टीवर बोट ठेवून तेवढी लांबी दाखवली. “ही सरासरी आहे. तुमच्या मुलाचं काय होतंय, ते त्याच्याच आलेखावर बघू.”

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे उंची-वजनाचे आलेख असतात. सुरुवातीला माझा मुलगा १३१ सेंटिमीटर आणि २७ किलो होता. तीन महिन्यांनी वजन २६ किलो. घरात एकच गोंधळ. बाईंनी औषध बदललं नाही, ताटाची वेळ बदलली. भूक गोळीमुळे दुपारी मरते, सकाळी आणि रात्री ती असते. म्हणून गोळी देण्याआधी पोटभर नाश्ता: अंडी, पराठा, दूध. दुपारी खाल्लं तेवढं खाल्लं, जबरदस्ती नाही. रात्री नीट जेवण, आणि झोपण्यापूर्वी दूध-खजूर. हे काम अम्मीने हाती घेतलं. सहा महिन्यांनी वजन २७.५ किलो झालं आणि वर्षाने २९. उंची वर्षभरात १३५ झाली. या वयात वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते, आमच्या मुलाची चार झाली. बाईंनी ते लपवलं नाही. म्हणाल्या, “आलेखावरची त्याची रेघ किंचित खाली झुकली आहे, पण शेजारची रेघ तिने ओलांडलेली नाही. ओलांडली तर तीन वाटा आहेत: मात्रा कमी करणं, सुट्टीत औषधाला विश्रांती देणं किंवा वेगळ्या वर्गाचं औषध बघणं.” वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी मोजायची, हा नियम तेव्हापासून आम्ही पाळतो.

आणि आता अम्मीचा प्रश्न, नशेचा. बाईंनी अम्मीला समोर बसवलं. म्हणाल्या, “आजी, तुमची शंका बरोबर आहे. हे औषध नशेसाठी वापरता येतं, म्हणूनच ते एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण नशा कशाने होते? औषध मेंदूत किती झपाट्याने चढतं त्याने. कुणी ते कुटून नाकात ओढलं किंवा सुईने घेतलं, तर काही मिनिटांत चढतं. डॉक्टरांच्या मात्रेत तोंडाने घेतलं, तर चढायला तासभर लागतो, हळूहळू. त्यात झिंग येत नाही.” मग विचारलं, “तुमचा नातू गोळी मागतो का?” अम्मी म्हणाली, “मागतो कसला? रोज आठवण करावी लागते.” बाई हसल्या. “व्यसनी माणसाला आठवण करावी लागत नाही, आजी.”

पुढे मी विचारलं, मोठेपणी व्यसन लागण्याची शक्यता वाढते का? त्यांनी सांगितलं की २०१३ मध्ये १५ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. लहानपणी हे औषध घेतल्याने पुढे दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांचं व्यसन वाढल्याचं दिसलं नाही, आणि कमी झाल्याचंही दिसलं नाही. “व्यसनापासून वाचवायला मी हे औषध देत नाही,” त्या म्हणाल्या. “वर्गात बसता यावं म्हणून देते.” एडीएचडी असलेल्या मुलांना व्यसनाचा धोका मुळातच इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे औषध असो वा नसो, किशोरवयात लक्ष ठेवावंच लागतं. खरा धोका त्यांनी दुसरीकडे दाखवला: गोळ्या मोठ्या भावंडाच्या किंवा परीक्षेला जागणाऱ्या मित्राच्या हाती लागणं. म्हणून आमच्याकडे गोळ्या कुलपात असतात आणि रविवारी मोजल्या जातात.

“एकदा सुरू केलं की जन्मभर?” हा शेवटचा प्रश्न. उत्तर होतं, नाही. वर्षातून एकदा, परीक्षा नसताना, दोन आठवडे औषध थांबवून बघायचं. आम्ही थांबवलं. त्याला कसलाही त्रास झाला नाही, पण चौथ्या दिवसापासून गृहपाठ अर्धवट राहू लागला आणि वर्गात दोनदा मारामारी झाली. म्हणजे औषधाची गरज अजून होती. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. एक सावधगिरी: असं मध्येच थांबवणं या औषधाला चालतं, एडीएचडीच्या सगळ्या औषधांना नाही. काही औषधं अचानक बंद केली तर रक्तदाब उसळतो. म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नका.

याचाच उपयोग रमजानमध्ये झाला. मुलगा रोजा ठेवायचा हट्ट धरून बसला. त्याच्या वयाला रोजा फर्ज नाही, हे अम्मीनेच सांगितलं, पण त्याचं मन मोडवत नव्हतं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सहरीला गोळी दिली तर भूक जाणवणार नाही, पण पाणी कमी पडेल, झोप अर्धी होईल आणि इफ्तारच्या बऱ्याच आधी असर संपून चिडचिड सुरू होईल. शाळेच्या दिवशी नको. रविवारी एक रोजा, त्या दिवशी गोळी नाही. तसंच केलं. त्या रविवारी त्याने घर डोक्यावर घेतलं, पण मगरिबपर्यंत टिकला. इफ्तारला दादीने पहिला खजूर त्याच्या हातात दिला.

आपल्या वस्तीत आजही अशा मुलाला मार मिळतो, तावीज मिळतो किंवा शाळेतून नाव कमी होतं. प्रत्येक मुलाला औषध लागतंच असं नाही. पण लागलं आणि डॉक्टर म्हणाले, “काही होत नाही, द्या,” तर तेवढ्यावर उठू नका. हृदयाचं विचारा, उंची-वजन लिहून घ्यायला सांगा, थांबवून कधी बघायचं ते विचारा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. आमच्या घरी सर्वात अवघड प्रश्न अम्मीने विचारला होता, आणि आज सकाळचा नाश्ता झाल्याशिवाय गोळीच्या कपाटाची किल्ली ती कुणाला देत नाही.