नऊ वाजताचा हिशेब



दिवसाच्या विक्रीचा अहवाल तयार व्हायला दहा मिनिटं लागत असतील, तर त्या दहा मिनिटांत दुकान काही बंद राहत नाही. नव्या ऑर्डरी येतात, जुन्या गोदामातून निघतात, काही रद्द होतात. अशा वेळी अहवालातले आकडे नेमके कोणत्या क्षणाचे धरायचे, याचा निर्णय डेटाबेसमधली एक निवड करते. तिला ट्रान्झॅक्शनची आयसोलेशन लेव्हल म्हणतात. आज मी पोस्टग्रेस या डेटाबेसपुरतं बोलणार आहे. त्यातल्या लेव्हलची नावं इतर डेटाबेसमध्येही आढळतात, पण त्या लेव्हल सगळीकडे सारख्या वागतात असं नाही.

एक उदाहरण घेऊ. एका घाऊक विक्रेत्याचा अहवाल रात्री नऊला सुरू होतो. त्यात एकापाठोपाठ दोन क्वेरी आहेत. पहिली बाकी असलेल्या ऑर्डरींची बेरीज करते, दुसरी रवाना झालेल्यांची. ऑर्डर क्रमांक ४८१२, रक्कम १८,५०० रुपये, नऊ वाजता बाकी आहे, म्हणून ती पहिल्या बेरजेत येते. नऊ वाजून तीन मिनिटांनी गोदामातला माणूस ती रवाना झाल्याची नोंद करतो. नऊ वाजून पाच मिनिटांनी दुसरी क्वेरी सुरू होते आणि तीच ऑर्डर तिच्याही बेरजेत येते. एकच माल दोनदा मोजला गेला. क्वेरींचा क्रम उलटा असता, तर आधी रवाना झालेल्यांत ती सापडली नसती, नंतर बाकी असलेल्यांतही नाही, आणि १८,५०० रुपये अहवालातून गायबच झाले असते.

इथे डेटाबेस चुकलेला नाही. पोस्टग्रेसची नेहमीची लेव्हल रीड कमिटेड ही आहे. तिचा नियम असा, की प्रत्येक क्वेरी ती स्वतः सुरू झाली त्या क्षणापर्यंत कमिट झालेलं सगळं पाहते. त्यामुळे एकेकटी क्वेरी आपल्यापुरती खरी असते, पण दोन क्वेरी दोन वेगळ्या क्षणांचं सांगतात. ही चूक ओळखण्याची खूण म्हणजे तुकड्यांची बेरीज एकूण रकमेशी जुळत नाही, अहवाल पुन्हा चालवला की फरक बदलतो, आणि कामकाज थांबल्यावर चालवला की फरक उरतच नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सगळा अहवाल एकाच क्वेरीत बसत असेल, तर रीड कमिटेड पुरेशी आहे.

अनेक क्वेरी असतील, तर त्या सगळ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यायच्या आणि सुरुवात अशी करायची:

```
BEGIN ISOLATION LEVEL REPEATABLE READ READ ONLY;
```

आता पहिल्या क्वेरीच्या वेळी डेटाबेसची जी स्थिती होती, तीच शेवटच्या क्वेरीलाही दिसते. या धरून ठेवलेल्या स्थितीला स्नॅपशॉट म्हणतात. तो `BEGIN` म्हटल्यावर लगेच घेतला जात नाही, पहिली क्वेरी आली की घेतला जातो. म्हणून `BEGIN` देऊन मग पाच मिनिटं दुसरी तयारी करत बसू नये. आणि ज्यांना वाटतं की अहवालामुळे ऑर्डरी अडतील, त्यांनी निश्चिंत राहावं. पोस्टग्रेस जुनी नोंद राखून नवी तिच्या शेजारी लिहितो, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला थांबवत नाही.

बहुतेक अहवालांना एवढं पुरतं. पण दिवस बंद झाला असं जाहीर करणाऱ्या अहवालाला पुरत नाही, आणि इथे बारकाईनं पाहायला हवं.

समजा, एका टेबलात चालू व्यवहाराची तारीख ठेवलेली आहे, आज ३१. कारकुनाचं ट्रान्झॅक्शन ती तारीख वाचतं आणि ३१ तारखेची ऑर्डर लिहितं, पण अजून कमिट करत नाही. तेवढ्यात दुसरं ट्रान्झॅक्शन दिवस बंद करतं, म्हणजे तारीख बदलून १ करतं आणि कमिट होतं. आता अहवाल सुरू होतो. त्याला तारीख १ दिसते, म्हणजे ३१ संपली. तो ३१ तारखेच्या ऑर्डरींची बेरीज करतो आणि छापतो. त्यानंतर कारकुनाची ऑर्डर कमिट होते. ३१ तारखेचा छापील आकडा आता कायमचा अपुरा राहिला. अहवालाचा स्नॅपशॉट निर्दोष होता, तीनही ट्रान्झॅक्शननी नियम पाळले, तरी निकाल असा आला, जो ही तीन कामं कुठल्याही क्रमानं एकामागून एक केली असती तर आला नसता.

याला उपाय सीरियलायझेबल लेव्हलचा. २०११ साली आलेल्या ९.१ आवृत्तीपासून पोस्टग्रेस या लेव्हलवर कोण काय वाचतो आणि कोण काय बदलतो याचा माग ठेवतो. असा धोका दिसला की तो एक ट्रान्झॅक्शन रद्द करतो आणि `40001` ही चूक कळवतो. आपल्या उदाहरणात कारकुनाची ऑर्डर रद्द होऊन पुन्हा लिहिली जाईल आणि तिला १ तारीख मिळेल. मात्र यासाठी दोन अटी आहेत. कारकून, दिवस बंद करणारा आणि अहवाल या तिघांनीही हीच लेव्हल वापरायला हवी. अहवाल एकटाच सीरियलायझेबल ठेवला, तर काहीही साधत नाही. आणि रद्द झालेलं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असायला हवी.

लांब अहवालासाठी याच लेव्हलमध्ये आणखी एक सवलत आहे. `READ ONLY DEFERRABLE` असं सांगितलं, तर अहवाल आधी थोडा थांबतो. चालू असलेली लिहिणारी ट्रान्झॅक्शन संपू देतो, घेतलेला स्नॅपशॉट धोक्याचा ठरला तर नवा घेतो, आणि मग सुरू होतो. त्यानंतर तो मध्येच रद्द होण्याची भीती उरत नाही, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाची ऑर्डरही रद्द होत नाही.

सगळा प्रोग्रॅम सीरियलायझेबल करणं झेपत नसेल, तर कारकुनाच्या ट्रान्झॅक्शननं तारखेची ओळ `FOR SHARE` लावून वाचावी. मग ते संपेपर्यंत दिवस बंद करणाऱ्याला ती ओळ बदलता येत नाही, आणि तारीख बदलेपर्यंत ३१ च्या सगळ्या ऑर्डरी कमिट झालेल्या असतात. अहवालाला मग रीपिटेबल रीड पुरते.

आता किंमत. स्नॅपशॉट उघडा आहे तोवर त्याला दिसू शकतील अशा जुन्या नोंदी व्हॅक्यूमला काढता येत नाहीत. ऑर्डरींच्या टेबलात स्थिती सारखी बदलत असते, त्यामुळे तिथे मृत नोंदी साठतात, टेबल फुगतं आणि रोजच्या साध्या क्वेरीही मंदावतात. दहा मिनिटांच्या अहवालानं सहसा काही बिघडत नाही, चार तासांच्या अहवालानं बिघडू शकतं. `pg_stat_activity` मध्ये `xact_start` पाहिलं की कोण केव्हापासून उघडं आहे ते कळतं, आणि `pg_stat_user_tables` मध्ये `n_dead_tup` चढत राहिलेला दिसतो. म्हणून वाचन संपताच कमिट करावं. पीडीएफ बनवणं, ईमेल पाठवणं ही कामं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर करावीत.

फार लांब अहवाल राखीव सर्व्हरवर, म्हणजे स्टँडबायवर, हलवता येतो. पण तिथे सीरियलायझेबल लेव्हल मिळत नाही. शिवाय मुख्य सर्व्हरवरून आलेले बदल अहवालाच्या आड आले, तर नेहमीच्या मांडणीत साधारण ३० सेकंद वाट पाहून अहवालच रद्द केला जातो. ती मुदत `max_standby_streaming_delay` वाढवून लांबवता येते, मात्र मग स्टँडबाय तेवढा मागे राहतो.

तेव्हा लेव्हल ठरवण्याआधी अहवाल वाचणाऱ्याला विचारा, की या आकड्यावरून तुम्ही काय करणार? कल पाहायचा असेल, तर रीड कमिटेड चालेल. आकडे एकमेकांशी जुळायला हवे असतील, तर रीपिटेबल रीड घ्या. आणि त्या आकड्यावर सही करून दिवस बंद होणार असेल, तर ऑर्डर लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनलाही सीरियलायझेबल किंवा `FOR SHARE` च्या नियमात आणा.