कृत्रिम चलाचा मुक्काम



अध्यक्षानं व्यापक विषयावर बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मोडून मी एका छोट्या उदाहरणावर बोलणार आहे. बिग-एम पद्धत आपण सगळेच फळ्यावर शिकवतो. ‘M म्हणजे खूप मोठी संख्या’ असं सांगून पुढेही जातो. पण खूप म्हणजे किती, हे वर्गात कुणी विचारलं तर आपली पंचाईत होते.

जनावरांच्या दोन खाद्यांचं मिश्रण घ्या. पहिलं 2 रुपयांना, दुसरं 3 रुपयांना. आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत. प्रथिनांची गरज x + y ≥ 5, ऊर्जेची x + 2y ≥ 6, आणि Z = 2x + 3y हा खर्च किमान करायचा. जॉर्ज स्टिग्लरनं 1945 मध्ये मांडलेला आहाराचा प्रश्न याच जातीचा, फक्त त्यात 77 पदार्थ आणि 9 पोषकद्रव्यं होती.

‘किमान इतकं हवं’ अशी अट असली की डाव्या बाजूतून सरप्लस चल वजा होतो. x आणि y शून्य ठेवले तर s₁ = −5 येतं, आणि ऋण किंमत चालत नाही. सुरुवातीला बेसिसच मिळत नाही. म्हणून प्रत्येक समीकरणात एक कृत्रिम चल घालायचा: x + y − s₁ + a₁ = 5 आणि x + 2y − s₂ + a₂ = 6. त्या दोघांना खर्चात M चा दंड लावायचा, किमानीकरणात अर्थातच +M.

पहिल्या कोष्टकात बेसिसमध्ये a₁ आणि a₂, खर्च 11M. Zⱼ − Cⱼ ची ओळ x खाली 2M − 2, y खाली 3M − 3 आणि दोन्ही सरप्लसखाली −M दाखवते. सर्वांत मोठी धन किंमत y ची, म्हणून y आत येतो. गुणोत्तरं 5 आणि 3, म्हणून a₂ बाहेर जातो. आता खर्च 2M + 9. दुसऱ्या कोष्टकात x खाली M/2 − 1/2 आणि s₂ खाली M/2 − 3/2 आहे. M चे गुणक सारखेच, निवाडा मागच्या अपूर्णांकावर. x आत, a₁ बाहेर, आणि x = 4, y = 1, Z = 11. दोन्ही सरप्लसखाली −1, म्हणजे उत्तर पक्कं.

आता M ला आकडा द्या. M = 0.5 घेतलं तर पहिल्याच कोष्टकात x खाली −1 आणि y खाली −1.5 येतं. आत यायला कुणी उरतच नाही. कृत्रिम चल 5 आणि 6 या किमतींसह बेसिसमध्ये बसलेले, म्हणून विद्यार्थी बेधडक लिहितो, ‘प्रश्नाला शक्य उत्तर नाही.’ इथे M ची वेस नेमकी 1 आहे, कारण दोन्ही अटींच्या ड्युअल किमती 1 आहेत. दंड त्याहून कमी असेल तर गरज भागवण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त पडतं! वास्तव प्रश्नात या किमती आधी ठाऊक नसतात, ही खरी अडचण.

मग M भरमसाट घ्यावा? संगणकात 10¹⁷ घालून पाहा. नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येत जेमतेम 16 अंक धड राहतात, त्यामुळे 2M − 2 चं 2M होतं आणि 3M − 3 चं 3M. खाद्यांचे भाव पहिल्याच पायरीला पुसले गेले. दुसऱ्या कोष्टकात x आणि s₂ दोघांखाली एकच M/2. यंत्रानं s₂ उचलला तर y = 5 येतं आणि x खाली शून्य दिसतं, खरं तर तिथे 1 हवा होता. गणित तिथेच थांबतं, खर्च 15. दोन्ही अटी पाळल्या जातात, कृत्रिम चलही बाहेर गेलेले असतात, म्हणून चूक कुणाच्या डोळ्यांत येत नाही. ती पकडायची तर शेवटच्या बेसिसवरून Zⱼ − Cⱼ मूळ भावांनी पुन्हा काढावी: 3 × 1 − 2 = 1, धन, म्हणजे काम संपलेलं नाही.

द्विचरण पद्धतीत हा घोळच होत नाही. आधी a₁ + a₂ किमान करायचं, ते शून्य झालं की खऱ्या खर्चाकडे वळायचं. M कुठेच लागत नाही.

आणखी एक सवय मला खटकते. कृत्रिम चल बाहेर गेला की त्याचा स्तंभ आपण लगेच खोडतो. ≥ च्या अटीत नुकसान नाही, कारण तीच माहिती सरप्लसच्या स्तंभात उलट्या चिन्हानं असते. पण अट बरोबरीची असेल तर सरप्लस नसतोच आणि ड्युअल किंमत वाचायला तो कृत्रिम स्तंभच हाताशी असतो. त्याला पुन्हा आत येऊ देऊ नका, पण स्तंभ शेवटच्या कोष्टकापर्यंत चालू ठेवा.

अभ्यासमंडळावरच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: हाती सोडवायच्या प्रश्नात M अक्षरच राहू द्या, आणि प्रयोगशाळेत हेच उदाहरण 0.5, 100 आणि 10¹⁷ या तीन किमतींनी एकदा मुलांकडून चालवून घ्या.