शेवया घालण्याआधीचा डबा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला "जुन्या आठवणी" हा विषय दिला होता. लिफ्ट बंद पडली, पाण्याची टाकी गळली, पार्किंगवरून भांडणं झाली, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याऐवजी मी एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खाण्याची आहे आणि ती ज्यांची आहे त्या भाभी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी मी काल घेतली. "काका, सांगा, पण माप चुकवू नका," एवढीच त्यांनी अट घातली.

भाभी आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या २००८ च्या उन्हाळ्यात. मूळच्या सोलापूरच्या. घरात नवरा, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. जिन्यात भेटल्यावर नमस्कार, पावसाळ्यात एकमेकांच्या गॅलरीतले कपडे काढून ठेवणं, इतपत ओळख झाली होती. त्या वर्षी रमजान ईद आली दोन ऑक्टोबरला. आम्हा बँकवाल्यांना ते पक्कं लक्षात आहे, कारण गांधीजयंती आणि ईद एकाच दिवशी येऊन एक सुट्टी बुडाली. घरी मात्र वेगळी अडचण होती. तीस सप्टेंबरला घट बसले होते. म्हणजे ईदच्या दिवशी नवरात्राची तिसरी माळ, आणि माझ्या आईचे नऊ दिवसांचे उपास.

सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात भाभी, हातात झाकण लावलेलं स्टीलचं मोठं पातेलं, मागे नवा फ्रॉक घातलेली मुलगी. आत येईपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं, "आजी, शुद्ध शाकाहारी आहे. पातेलं नवीन आहे, कालच आणलंय. पळीसुद्धा वेगळी."

आमच्या सौ.ला कानकोंडं झालं. कोणी विचारलं नव्हतं आणि ही बाई आपण होऊन हिशेब देत होती. ती म्हणाली, "अहो, असं काय करता, पातेल्याचं काय एवढं!" पण हे बोलताना तिचं लक्ष सासूकडे होतं, कारण आई काय म्हणणार हे तिला माहीत होतं. आईने झाकण उचललं, वास घेतला, म्हणाली, "छान झालाय. ठेव गं आत. मी नंतर घेईन."

आता "नंतर घेईन" या दोन शब्दांचे अर्थ दोन मजल्यांवर वेगवेगळे लागले. आमच्या घरात त्याचा अर्थ: उपास आहे, यात शेवया आहेत, शेवया गव्हाच्या, सबब चालत नाही, पण सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला "नको" म्हणायचं नाही. खाली भाभींनी अर्थ लावला: नवीन पातेलं आणूनसुद्धा आजींनी तोंडाला लावलं नाही. त्या हसून गेल्या, पण चहाला थांबल्या नाहीत. मुलगी थांबायला तयार होती, तिला हाताला धरून नेलं.

इथे पदार्थाविषयी थोडं सांगायला हवं. शिरखुर्मा म्हणजे आपली शेवयांची खीर नव्हे. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. भाभींचं माप असं: तीन लिटर म्हशीचं दूध, पंचवीस-तीस खारका, मूठमूठ बदाम, पिस्ते, चारोळी, आणि शेवया फक्त दीड वाटी, त्याही मोमीनपुऱ्यातून आणलेल्या, केसासारख्या बारीक. चंद्र दिसला की खारका भिजत पडतात. सकाळी त्यांचे उभे काप करून तुपात परततात. दूध तासभर मंद आचेवर आटतं, त्यात साखर, वेलची, सुकामेवा जातो, आणि तुपात भाजलेल्या शेवया अगदी शेवटी, दोन-तीन उकळ्यांपुरत्या. शिरखुर्मा प्यायला यावा इतका पातळ हवा. तो ठेवला तर शेवया दूध पितात. संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा होतो आणि पुन्हा गरम दूध घालून तो सैल करावा लागतो.

म्हणजे आईचं "नंतर", जे दसऱ्यानंतर होतं, ते या पदार्थाला मुळीच परवडणारं नव्हतं. मी, सौ. आणि मुलांनी मिळून दुपारपर्यंत पातेलं रिकामं केलं. मुलाने तर तळ पुसून खाल्ला.

प्रश्न पुढे आला. पातेलं रिकामं परत पाठवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि नवरात्रात घरात काय असणार? आईने राजगिऱ्याचे लाडू काढले, अकरा मोजून पातेल्यात ठेवले आणि स्वतः मजला उतरून खाली गेली. वय एकोणऐंशी, गुडघे दुखणारे. मी पातेलं धरून मागे.

दार भाभींनीच उघडलं. लाडू पाहून त्यांना आनंद झाला, आणि लगेच त्या घुटमळल्या. आत सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. भाभींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लाडवांकडे, आणि म्हणाल्या, "आजी, बसा ना. लाडू फार सुंदर आहेत. नंतर घेतो आम्ही."

आई हसायला लागली. म्हणाली, "हे बघ, माझं 'नंतर' आणि तुझं 'नंतर' एकाच दुकानातलं दिसतंय. मी आधी सांगते, मग तू सांग. माझा नवरात्राचा उपास आहे. मला शेवया चालत नाहीत. तुझ्या घरच्याच नाही, माझ्या घरच्यासुद्धा नाहीत. आता तुझं काय अडलंय?"

भाभी क्षणभर गप्प. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सासूबाई देवापुढे ठेवलेलं घेत नाहीत. हे देवीपुढचं आहे का, ते विचारायचं कसं?"

"एवढंच ना? नैवेद्य वेगळ्या ताटात असतो. हे डब्यातले आहेत, देवीने पाहिलेसुद्धा नाहीत."

सासूबाईंनी आतूनच हात पुढे केला. त्यांना दात कमी होते आणि राजगिऱ्याचा लाडू तोंडात विरघळतो, त्यामुळे तो त्यांना फार पसंत पडला. मग दोघी म्हाताऱ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. आमची कुलदेवी तुळजापूरची. सासूबाईंचं माहेर सोलापुरात, तुळजापूरच्या रस्त्याला. कोजागिरीला पायी निघालेली माणसं लहानपणी त्यांच्या दारावरून जायची आणि त्यांचे वडील पाण्याचा रांजण भरून बाहेर ठेवायचे. तासाभराने मी आईला वर आणलं.

निघताना आईने एक शंका काढली होती. "याचं नाव दूध आणि खजूर असं आहे ना? मग शेवया नावात कुठे आल्या?" भाभींकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "सगळेच घालतात, आजी."

ते उत्तर पुढल्या वर्षी आलं. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालतं आणि आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. आपले महिनेही चंद्राचेच, फक्त आपण अधिक महिना घालून पुन्हा ऋतूच्या जागी येतो. म्हणून रमजान ईद लागोपाठ दोन-तीन वर्षं आपल्या एकाच महिन्यात येते आणि मग एक महिना मागे जाते. चंद्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती असल्याने तिथीही साधारण द्वितीया-तृतीयाच. त्यामुळे ईद आणि एकादशी यांची गाठ कधी पडत नाही, नवरात्राची मात्र पडते. २००९ साली घट बसले एकोणीस सप्टेंबरला आणि ईद आली एकवीसला.

आदल्या रात्री भाभी वर आल्या आणि आईसमोर बसून त्यांनी चक्क तोंडी परीक्षा दिली. दूध चालतं? चालतं. खारीक? चालते. बदाम, चारोळी, साखर, वेलची? सगळं चालतं. तूप? घरचं आहे ना, चालतं. मग आईने खरा प्रश्न विचारला, "कढईत आधी काय परततेस?" भाभी म्हणाल्या, "शेवया." आई म्हणाली, "मग त्याच तुपात खारका?" भाभींच्या लक्षात आलं. गव्हाचा कण तिथेच लागणार होता. ठरलं असं की आधी खारका आणि सुकामेवा परतायचा, दुधात घालायचा, आईचा वाटा डब्यात काढून बाजूला ठेवायचा, आणि मग त्याच कढईत शेवया. क्रम उलटा केला, एवढंच. भाभी म्हणतात, तेव्हापासून त्यांच्याकडे तोच क्रम पडला आहे, नवरात्र असो वा नसो.

त्या ईदला वर दोन भांडी आली, पातेलं आमचं आणि झाकणाचा छोटा डबा आईचा. आईने दुपारच्या फराळाला तो वाटीभर घेतला आणि निकाल दिला, "हा खरा शिरखुर्मा. तुमचा तो शेवयांचा खुर्मा."

एक गैरसमज मात्र आणखी वर्षभर राहिला. नवीन पातेलं, वेगळी पळी, यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की भाभींनी आम्हाला कट्टर शाकाहारी धरलं होतं. आमच्याकडे सणवार पाळून मटण होतं, पण हे जिन्यात सांगायचं कसं? ईदच्या संध्याकाळी खालून बिर्याणीचा वास यायचा आणि आमचा मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. २०१० ला ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, अकरा सप्टेंबरला आली. आमची मुलगी नैवेद्याआधी काढलेले मोदक घेऊन खाली जात होती आणि भाभींची मुलगी शिरखुर्मा घेऊन वर येत होती. दोघी मधल्या जिन्यात भेटल्या, आणि तिथे आमच्या मुलीने ते गुपित फोडलं. भाभी धावत वर आल्या. "काकू, दोन वर्षं मी संकोचाने बिर्याणी पाठवली नाही!" पण घरात गणपती. म्हणाल्या, "पुढच्या ईदला नक्की."

एरवी त्यांच्याकडे आम्ही जेवलो, नाही असं नाही. पण ईदची बिर्याणी ईदलाच, हा त्यांचा हट्ट. पुढची ईद, २०११, नेमकी हरतालिकेला. २०१२ ला अधिक भाद्रपद. नंतरची दोन वर्षं श्रावण. मुलगा तोवर नोकरीला लागला होता. अखेर २०१५ मध्ये ईद आषाढात आली, अठरा जुलैला. भाभींनी हंडी वर आणली. सौ.ने कॅलेंडर पाहिलं आणि मटकन खाली बसली. शनिवार होता.

आई तेव्हा शहाऐंशीची. ती स्वतः आता मटण खात नव्हती. तिने आपला बिनशेवयांचा डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि म्हणाली, "सात वर्षं थांबलाय तो पोरगा. झाकण काढा, निवेल."