एरर शून्य, आणि विहीर 23 मीटर लांब : गावनकाशा क्यूजीआयएसमध्ये बसवताना

मागच्या भागात आपण गावनकाशा स्कॅन कसा करायचा ते पाहिलं. आज तोच स्कॅन जमिनीवर बसवायचा, म्हणजे जिओरेफरन्सिंग करायचं. यात माझी एक चूक झाली होती, तीच आज सांगतो. कारण ती चूक स्क्रीनवर चूक म्हणून दिसतच नाही.

आपल्या गोंडपिपरी तालुक्यात नकाशा हा हौसेचा विषय नाही. याच तालुक्यातल्या पाचगावला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला, हे तुम्हाला माहीत असेल. शेत आणि जंगल एकाच धुऱ्यावर भेटतात अशी गावं इथे भरपूर आहेत. अशाच एका गावातल्या काकाजींना बघायचं होतं, की आपल्या शेताची कड वनविभागाच्या कक्षात येते की बाहेर राहते.

मी त्यांचा गावनकाशा 300 डीपीआयला स्कॅन केला होता. नकाशावर स्केल होती 16 इंचाला 1 मैल, म्हणजे 1:3960. इथे एक छोटा हिशोब करून ठेवा, पुढे सारखा लागतो. 300 डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे कागदावर साधारण 0.085 मिलिमीटर. त्याला 3960 ने गुणलं की जमिनीवर जवळपास 34 सेंटिमीटर. म्हणजे 3 पिक्सेल म्हणजे 1 मीटर, असं लक्षात ठेवा. आणि नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघसुद्धा जमिनीवर 2 मीटर रुंद असते. त्यापेक्षा जास्त अचूकता या कागदात मुळातच नाही.

आता क्यूजीआयएस. `Layer > Georeferencer` उघडलं, स्कॅन घेतला. मागे सॅटेलाइट इमेज लावली आणि 9 कंट्रोल पॉइंट दिले. कंट्रोल पॉइंट म्हणजे काय, तर नकाशावरची एक जागा आणि तीच जागा जमिनीवर, अशी जोडी. मामा तलावाच्या पाळीची दोन टोकं, काही धुऱ्यांचे कोपरे, आणि पांदण जिथे रस्त्याला मिळते तो चौक. Target CRS मध्ये `EPSG:32644` निवडलं. आपला भाग यूटीएमच्या 44 व्या झोनमध्ये येतो, आणि हे घेतलं की सगळं सरळ मीटरमध्ये मोजता येतं.

मग आला प्रश्न ट्रान्सफॉर्मेशन टाइपचा. मी एक एक लावून पाहिले. `Polynomial 1` ला एरर बरीच दिसली. `Thin Plate Spline` लावलं तर थेट शून्य! मला वाटलं, झालं काम. फाइल क्यूफील्डमध्ये टाकली आणि फोन घेऊन शेतावर गेलो.

काकाजींच्या विहिरीजवळ उभे राहिलो. फोनवर आमचा निळा ठिपका एकीकडे आणि नकाशातली विहीर दुसरीकडे. अंतर मोजलं तर 23 मीटर! काकाजी म्हणाले, "विहीर तर आंब्याखाली हाये न बाबू, जंगलात कशी गेली?"

त्यांच्या शेताची जंगलाकडची कड साधारण 150 मीटर लांब. ती 23 मीटर सरकली तर जवळपास 3450 चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराहून जास्त जमीन कागदावर जंगलात जाते.

मग शून्य एररचं काय? तर `Thin Plate Spline` म्हणजे रबराच्या कापडाला टाचण्या टोचल्यासारखं आहे. तुम्ही जिथे टाचणी टोचाल तिथे कापड ओढून बरोबर नेलं जातं. टाचणी चुकीच्या जागी टोचली तरी कापड निमूटपणे तिथे जातं. त्यामुळे `Residual` नेहमी शून्यच येतो. त्याचा अर्थ "नकाशा बरोबर बसला" असा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की "तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं".

घरी येऊन परत `Polynomial 1` लावलं. हे अख्खा नकाशा एकसंध ठेवतं. फिरवतं, सरकवतं, आडवं-उभं वेगवेगळं ताणतं, थोडं तिरकं करतं, पण मध्येच कुठे सुरकुती पाडत नाही. त्याला 3 पॉइंट पुरतात, मी 9 दिले होते. म्हणून बाकीचे पॉइंट एकमेकांची साक्ष तपासू शकतात. टेबलमधला `Residual` कॉलम पाहिला. बहुतेक पॉइंट 8 ते 18 पिक्सेल, आणि पांदणीचा चौक मात्र 58 पिक्सेल, म्हणजे 19 मीटर.

काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "अरे, तो रोड नवा हाये. जुनी पांदण तर पलीकडून जात होती." म्हणजे मी सॅटेलाइटवरचा नवा चौक जुन्या नकाशातल्या चौकाला जोडला होता. त्या ओळीची टिक काढली, तर उरलेल्या 8 पॉइंटचा `Residual` 5 ते 9 पिक्सेलवर आला, म्हणजे 2 ते 3 मीटर. आणि तो चौक आपल्या खऱ्या जागेपासून 31 मीटर लांब असल्याचं कळलं. एक लक्षात घ्या, टेबलमध्ये 31 नाही, 19 दिसत होते. कारण चुकीचा पॉइंट बाकीच्यांना स्वतःकडे ओढतो आणि आपली चूक सगळ्यांत वाटून टाकतो. म्हणून चूक शोधताना आकडा किती यापेक्षा, बाकीच्यांपेक्षा वेगळा कोण, ते बघायचं.

तरीही मी `Residual` वर विश्वास ठेवला नाही. काकाजींची विहीर आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, या दोन जागा फोनच्या जीपीएसने घेतल्या आणि कंट्रोल पॉइंटमध्ये टाकल्याच नाहीत. फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवल्या. नकाशा बसल्यावर विहीर 3 मीटरवर आली आणि दगड 5 मीटरवर. उघड्यावर फोनचं जीपीएस स्वतःच 4-5 मीटर चुकतं, तेव्हा याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मग टाइप निवडायचा कसा? एररचा आकडा बघून नाही, कागदाला काय झालंय ते बघून. कागद चांगला आणि स्कॅनर सपाट असेल तर `Helmert` चालतं, ते फक्त फिरवतं आणि सगळीकडे सारखं लहान-मोठं करतं. जुना कागद आडवा एक आणि उभा दुसरा आकसतो, तिथे `Polynomial 1`. आपल्या गावनकाशांची सुरुवात इथूनच करा. स्कॅन नाही, मोबाइलने तिरका फोटो काढलाय? मग `Projective`, किमान 4 पॉइंट. दोन-तीन तुकडे चिकटवलेला नकाशा असेल तर `Polynomial 2` ने वाकवण्यापेक्षा तुकडे वेगळे करून बसवा. आणि `Thin Plate Spline` वापरायचंच असेल तर आधी `Polynomial 1` ने चुकीचे पॉइंट काढा, भरपूर पॉइंट घ्या आणि तपासणीचे पॉइंट बाजूला ठेवा.

पॉइंट घेताना नाला आणि नदीचा काठ टाळा, पुरात सरकतात. तलावाची पाळ, जुनी विहीर, शिवेचा दगड हे जागा सोडत नाहीत. आणि सगळे पॉइंट गावठाणाजवळ नको, चारही कडांना हवेत. नाहीतर जंगलाकडची बाजू, जिथे खरा प्रश्न आहे, तीच मोकाट सुटते.

शेवटी, काकाजींची कड बाहेर निघाली का? नकाशावर तिचा बराचसा भाग कक्षाच्या रेघेपासून 12 ते 15 मीटर बाहेर दिसला. ते आपल्या 5 मीटरच्या चुकीपेक्षा जास्त आहे, म्हणून मी त्यांना सांगू शकलो. पण एका कोपऱ्यात अंतर फक्त 4 मीटर होतं. तिथे मी सांगितलं, "काकाजी, हे या नकाशावरून सांगता येत नाही. इथे भूमी अभिलेखची मोजणीच लागेल." त्यांनी त्या कोपऱ्यासाठी मोजणीचा अर्ज केलाय.

तुमच्या गावचा नकाशा बसवताना तपासणीचा पॉइंट किती मीटरवर आला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!