मोटर न उघडता तुटलेली सळी कशी पकडायची?

आजचा एपिसोड थोडा तेलकट आहे, म्हणजे कारखान्यातला. मी कोड लिहिणारा माणूस, पण गेल्या वर्षी एका कारखान्यातल्या मोटरच्या करंटचा डेटा माझ्याकडे आला. प्रश्न सरळ होता: ही मोटर आज थांबवायची, की पुढच्या शटडाऊनपर्यंत चालू द्यायची? मोटर ४५ किलोवॉटची, ४ पोलची, बेल्टवरून ब्लोअर फिरवणारी. चालत होती, पण सुरू होताना रेंगाळायची आणि ॲमीटरचा काटा हळूहळू मागेपुढे झुलायचा.

आधी आतलं चित्र डोळ्यासमोर आणा. केज मोटरच्या रोटरमध्ये तारा गुंडाळलेल्या नसतात. लोखंडी गाभ्यात ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या सळ्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या एकेका कड्याने जोडलेल्या असतात. पिंजऱ्यासारखंच. मोटर थेट लाइनवर सुरू केली की काही सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट करंट वाहतो. सळ्या तापतात, प्रसरण पावतात आणि कड्याजवळच्या जोडावर ताण येतो. दिवसातून अनेकदा चालू-बंद होणाऱ्या मोटरमध्ये एखादी सळी तिथेच तडकते. मग तिच्या वाट्याचा करंट शेजारच्या सळ्यांवर पडतो, त्या जास्त तापतात आणि पुढचा नंबर त्यांचा लागतो. वाईट गोष्ट म्हणजे हे सगळं होत असताना मोटर फिरतच राहते.

आता गंमत बघा. रोटर तर आत बंद आहे, मग बाहेरच्या केबलमधल्या करंटला सळी तुटल्याचं कसं कळतं?

रोटर कधीच स्टेटरच्या चुंबकीय क्षेत्राइतका वेगाने फिरत नाही, थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. आमच्या मोटरचे आकडे घेऊ. सप्लाय होता ४९.९५ हर्ट्झ. ४ पोलच्या मोटरला वेग काढायला त्याला ३० ने गुणायचं, म्हणजे क्षेत्र फिरतंय मिनिटाला १४९८.५ फेऱ्यांनी. टॅकोमीटरवर रोटरचा वेग आला १४७३. फरक २५.५ फेऱ्यांचा. त्याला परत ३० ने भागलं की ०.८५ हर्ट्झ मिळतात. रोटरच्या सळ्यांमध्ये करंट याच मंद गतीने आलटून पालटून वाहतो.

सगळ्या सळ्या धड असतील तर हा करंट फक्त पुढच्या दिशेने फिरणारं क्षेत्र तयार करतो. एक सळी तुटली की समतोल बिघडतो आणि रोटरच्या दृष्टीने उलट दिशेने फिरणारं आणखी एक क्षेत्र जन्माला येतं. लोकल पुढे धावतेय आणि डब्यात एक माणूस मागच्या दिशेने चालतोय, असं समजा. प्लॅटफॉर्मवरून बघणाऱ्याला तो पुढेच जाताना दिसेल, पण लोकलपेक्षा हळू. इथे लोकल म्हणजे रोटर, त्याचा वेग ४९.१० हर्ट्झ. त्यातून माणसाचे ०.८५ वजा केले की उरतात ४८.२५. स्टेटरला नेमकं हेच जाणवतं आणि लाइनच्या करंटमध्ये ४८.२५ हर्ट्झचा एक छोटा घटक मिसळतो.

हा घटक रोटरला हलके झटके देतो, वेग थोडा डोलतो, आणि त्या डोलण्यामुळे मुख्य शिखराच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर एक जोडीदार उभा राहतो, ५१.६५ वर. यांनाच साइडबँड म्हणतात. सूत्र एवढंच:

```
f(1 ± 2s)
```

इथे `f` म्हणजे सप्लायची फ्रिक्वेन्सी आणि `s` म्हणजे स्लिप.

मोजायला पॅनलमध्ये एका फेजभोवती क्लॅम्प लावला की पुरे, मोटर बंदही करावी लागत नाही. मात्र रेकॉर्डिंग किती लांब घेता, यावर सगळा खेळ आहे. १ सेकंदाचा डेटा घेतला तर स्पेक्ट्रममधले बिंदू एकमेकांपासून १ हर्ट्झ अंतरावर पडतात. शिवाय मुख्य शिखराचा पाया दोन्हीकडे साधारण २ हर्ट्झ पसरतो, आणि आपले साइडबँड १.७ हर्ट्झवर त्या पायातच गाडले जातात. आम्ही २० सेकंद घेतले, सेकंदाला १००० नमुने. बिंदूंमधलं अंतर झालं ०.०५ हर्ट्झ आणि शिखरं सुटी दिसली.

```python
i = i - i.mean()
w = np.hanning(len(i))
S = 20*np.log10(np.abs(np.fft.rfft(i*w)))
F = np.fft.rfftfreq(len(i), 1/fs)
k = S.argmax()
f = F[k]
d = (30*f - N)/15
print(f, f - d, f + d)
```

`N` म्हणजे टॅकोमीटरचा आकडा. कोडमध्ये `f` ला डोळे झाकून ५० धरलेलं नाही, तो डेटामधूनच काढलाय. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी थोडी वरखाली होतच असते. इथे ५० धरले असते तर वरचा साइडबँड ५१.८० वर शोधत बसलो असतो, आणि तो होता ५१.६५ वर.

आमच्या स्पेक्ट्रममध्ये ४८.२५ चं शिखर मुख्य शिखरापेक्षा ४० डेसिबल खाली होतं, म्हणजे शंभरावा भाग. लाइन करंट ७० अँपिअर, तर हा घटक ०.७ अँपिअर. ढोबळ नियम असा की फरक ५४ डेसिबलच्या वर असेल तर रोटर सहसा ठीक, आणि ४५ च्या खाली आला तर संशय घ्यायचा. पण हे आकडे मोटर भरपूर लोडवर असतानाचे. रिकाम्या मोटरमध्ये स्लिप जवळजवळ शून्य असते, साइडबँड बारीक होतात आणि मुख्य शिखराला चिकटतात. तेव्हा ‘काही दिसलं नाही’ याला काहीच अर्थ नाही.

४० डेसिबल बघून लगेच रोटरला दोषी ठरवायचं का? नाही. बेल्ट, गिअरबॉक्स किंवा लोडमधलं एखादं मंद हेलकावणंसुद्धा करंटमध्ये अशीच जोडी उभी करतं. म्हणून एक साधी परीक्षा घेतली. ब्लोअरचा डॅम्पर अर्धवट बंद केला. लोड कमी झाला, वेग १४७३ वरून १४८६ वर गेला.

हेलकावणं यांत्रिक असतं तर ते वेगाच्या प्रमाणात बदललं असतं. वेग वाढला जेमतेम १ टक्का, म्हणजे १.७० चं फार तर १.७२ झालं असतं. साइडबँड तुटलेल्या सळीचे असतील तर ते स्लिपच्या मागे जायला हवेत: १४९८.५ वजा १४८६, भागिले १५, बरोबर ०.८३ हर्ट्झ. नव्या स्पेक्ट्रममध्ये जोडी ४९.१० आणि ५०.८० च्या आसपास सरकली होती, मुख्य शिखरापासून साधारण ०.८५ वर. २० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये यापेक्षा बारीक दिसत नाही, पण १.७ आणि ०.८५ मधला फरक दिसायला एवढं पुष्कळ झालं.

मेंटेनन्सवाल्यांनी दोन निर्णय घेतले. पुढच्या शटडाऊनपर्यंत मोटर दिवसात एकदाच सुरू करायची, कारण सळ्यांना सगळ्यात मोठा मार स्टार्टिंगचा बसतो. आणि दर दोन दिवसांनी त्याच लोडवर तेच मोजमाप घ्यायचं, ४० चा आकडा आणखी खाली आला तर वाट न बघता थांबवायचं. आकडा टिकला. शटडाऊनमध्ये रोटर बाहेर काढून ग्राउलरवर ठेवला आणि वर कागदावर लोखंडाचा कीस पसरला. करंट वाहणाऱ्या सळ्यांवर किसाच्या रेघा उभ्या राहिल्या. लागून असलेल्या दोन सळ्यांवर रेघ उमटलीच नाही.

जाता जाता एक मर्यादा. काही मोटरमध्ये दुहेरी पिंजरा असतो. बाहेरचा स्टार्टिंगसाठी, आतला चालताना. बाहेरच्या पिंजऱ्याची सळी तुटली तर चालत्या मोटरमध्ये त्या सळीत मुळातच करंट कमी असतो, त्यामुळे हे साइडबँड फार दबके दिसतात. अशा मोटरच्या बाबतीत स्वच्छ स्पेक्ट्रमवर विसंबू नका, तिचा सुरू होतानाचा करंटही रेकॉर्ड करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.